जॉइंट आहे ना, मग काय काळजी?

जैसलमेर, मे महिना. दुपारी बारानंतर बराकीबाहेर पाय टाकवत नाही, त्यामुळे लंगरच्या सावलीत गप्पा रंगतात. गेल्या आठवड्यात विषय निघाला पैशांचा. एक नवीन लग्न झालेला नाईक सांगत होता, "खातं जॉइंट केलंय, फ्लॅटवर दोघांची नावं आहेत. उद्या माझं काही झालं तर सगळं आपोआप बायकोचं." शेजारचे चार जण माना डोलावत होते. एक सुभेदार साहेबही होते, तेही म्हणाले, "बरोबर केलंस. ईदर ऑर सर्व्हायव्हर टाकलंयस ना? मग झालं."

मी गप्प बसलो नाही. बसायला हवं होतं असं नंतर वाटलं, कारण आवाज चढला आणि जेवण थंड झालं. पण हे "आपोआप बायकोचं" मी गेली वीस वर्षं ऐकतो आहे, बराकीत, बँकेच्या काउंटरवर, माजी सैनिकांच्या मेळाव्यात. ते खोटं आहे. अर्धवट खरं असल्यामुळे जास्त घातक आहे. त्या दिवशी जे नीट सांगता आलं नाही ते इथे लिहितो.

आमच्याच पलटणीतल्या एका हवालदाराची गोष्ट आहे. नाव, गाव लिहीत नाही, वहिनींनी परवानगी दिली ती याच अटीवर. काही वर्षांपूर्वी सुट्टीवर असताना रस्त्यावरच्या अपघातात तो गेला. मागे बायको, तेरा वर्षांची मुलगी, नऊ वर्षांचा मुलगा आणि गावाकडे म्हातारी आई. वडील आधीच वारलेले. एक भाऊ शेती बघतो, एक बहीण सासरी. मालमत्ता म्हणाल तर बचत खात्यात सहा लाख, मुदत ठेवीत चोवीस लाख, आणि पुण्याबाहेर एक फ्लॅट, किंमत धरा अठ्ठेचाळीस लाख. त्यावर चौदा लाखांचं कर्ज शिल्लक. बचत खातं, ठेव, फ्लॅट, कर्ज, चारही ठिकाणी नवरा-बायको दोघांची नावं. मृत्युपत्र नाही.

पहिले पंधरा दिवस सगळं सुरळीत झालं, हे मुद्दाम सांगतो. मृत्यूचा दाखला आणि ओळखपत्र दिल्यावर बँकेने बचत खातं वहिनींच्या एकटीच्या नावे करून दिलं. वारस दाखला मागितला नाही, हमीपत्र मागितलं नाही. रिझर्व्ह बँकेचा नियमच तसा आहे. खात्यावर सर्व्हायव्हरचं कलम असेल आणि कोर्टाचा मनाई हुकूम नसेल तर मागे राहिलेल्याला पैसे द्यायचे, रक्कम कितीही असो. फौजी कुटुंबाला याचा फार मोठा आधार आहे. पेन्शनच्या खात्याचंही तेच, बायको सहखातेदार असेल आणि पीपीओत तिचं नाव असेल तर फॅमिली पेन्शनसाठी नवं खातं उघडावं लागत नाही. म्हणून सुभेदार साहेब अगदीच चुकीचे नव्हते. खातं जॉइंट असावंच.

अडचण ठेवीपाशी सुरू झाली. वहिनींना वाटलं, ठेव मोडावी आणि त्यातून कर्ज फेडावं. ठेवीची मुदत अजून तीन वर्षं होती. बँक म्हणाली, मुदत संपल्यावर तुम्ही एकट्या या, पूर्ण रक्कम तुम्हाला देऊ. पण मुदतीआधी मोडायची तर सगळ्या वारसांच्या सह्या आणा. कारण ठेव ठेवताना दोघांनी एक साधी लेखी सूचना द्यायची राहिली होती, की एकाच्या मृत्यूनंतर दुसऱ्याला मुदतीआधी ठेव मोडता येईल. फॉर्मवर त्यासाठी जागा असते. आपण सही करतो तेव्हा ती कोणी दाखवत नाही, आणि आपण विचारत नाही.

सगळ्या वारसांच्या सह्या म्हणजे सासूबाईंचीही सही. वहिनी गावी गेल्या. दीर म्हणाला, "आईचा वाटा किती ते आधी सांगा, मग सही." वहिनी चिडल्या. त्यांना वाटलं, माझ्या नवऱ्याची कमाई, माझं नाव खात्यावर, यात सासूचा वाटा कुठून आला? महिन्याभरात वकिलाची नोटीस आली आणि वहिनींनी मला फोन केला.

"भाऊजी, बँकेने मला पैसे दिले. मग ते माझे कसे नाहीत?"

या एका प्रश्नात सगळं आलं. बँक कोणाला पैसे देईल हा एक प्रश्न, आणि पैसे कोणाचे हा वेगळा प्रश्न. ईदर ऑर सर्व्हायव्हर फक्त पहिल्याचं उत्तर देतं. ते बँकेच्या सुटकेचं कलम आहे. पैसे वहिनींच्या हातात दिले की बँक मोकळी, नंतर कोणी वारस बँकेच्या दारात भांडायला येऊ शकत नाही. पण वहिनींच्या दारात येऊ शकतो. खात्यात पैसे भरले कोणी, हे कायदा विचारतो, आणि ज्याने भरले त्याच्या वारसांत ते वाटले जातात.

आणि ही काही नवी गोष्ट नाही. 1928 साली प्रिव्ही कौन्सिलने गुरान दित्ता विरुद्ध राम दित्ता या खटल्यात हेच सांगितलं. नवऱ्याने स्वतःचे पैसे स्वतःच्या आणि बायकोच्या नावे ठेवले होते, दोघांपैकी कोणालाही किंवा मागे राहील त्याला मिळावेत अशा अटीवर. कौन्सिल म्हणाली, इंग्लंडमध्ये अशा वेळी नवऱ्याने बायकोला भेट दिली असं गृहीत धरतात, हिंदुस्थानात तसं गृहीत धरता येत नाही. भेट द्यायची होती हे सिद्ध करावं लागेल, नाहीतर पैसे नवऱ्याच्याच मालमत्तेचे. म्हणजे जवळजवळ शंभर वर्षं हा नियम उभा आहे आणि आपण अजून लंगरमध्ये उलटं सांगतो आहोत.

नॉमिनीचंही तसंच. सरबती देवी (1984), राम चंदर तलवार (2010), शक्ती येझदानी (2023), विम्यापासून बँक ठेवींपर्यंत आणि शेअरपर्यंत सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा पुन्हा सांगितलं की नॉमिनी हा पैसे स्वीकारणारा हात आहे, वारस नव्हे. (2015 नंतर विम्याच्या कायद्यात जवळच्या नॉमिनीसाठी बदल झाला, पण तो विषय निराळा.) शिवाय जॉइंट खात्यात नॉमिनीचा नंबर लागतो तो सगळे खातेदार गेल्यावर. नोव्हेंबर 2025 पासून बँकेत चार नॉमिनी देता येतात म्हणून आमचे लोक खूश आहेत. चार हात झाले, एवढंच.

आता वहिनींचा हिशेब. तीस लाख सगळे हवालदाराच्या पगारातले. वहिनी घर सांभाळत होत्या, त्यांचा पगार नव्हता. हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे मृत्युपत्र नसेल तर पहिल्या वर्गाचे वारस समान वाटेकरी, म्हणजे विधवा, मुलगा, मुलगी आणि आई. चार वारस, साडेसात लाख प्रत्येकी. ज्या बाईच्या नावावर बँकेने तीस लाख लावले, तिच्या मालकीचे साडेसात. मुलांचे पंधरा ती त्यांची पालक म्हणून सांभाळणार, स्वतःचे म्हणून खर्च करणार नाही. आणि साडेसात सासूबाईंचे.

इथे थोडं थांबतो, कारण हे वाचून अनेकांचा राग सासूवर जाईल. माझा नाही. ज्या आईने रात्रीचा एसटीचा प्रवास करून पोराला भरतीला पाठवलं, तिला कायद्याने नातवंडांच्या बरोबरीला बसवलं, यात मला काही चूक दिसत नाही. सर्व्हायव्हरशिप खरोखर असती तर तिच्या हाती शून्य आलं असतं. उलट, अविवाहित जवानांनी हे ऐकावं. तू गेलास तर पहिल्या वर्गात तुझी आई आहे, वडील नाहीत. वडील दुसऱ्या वर्गात. बापाबरोबर जॉइंट खातं असेल तर पैसे बापाला मिळतील आणि मालकी आईची असेल. हे मी लंगरमध्ये सांगितलं तेव्हा दोघा जणांनी चमचे खाली ठेवले.

आता फ्लॅट. लोकांचा सगळ्यात मोठा गैरसमज इथेच आहे. इंग्रजी सिनेमात आणि परदेशातल्या भावाकडून आपण ऐकतो की नवरा-बायकोच्या नावावरचं घर मागे राहील त्याचं. इंग्लंड-अमेरिकेत जॉइंट टेनन्सी नावाचा प्रकार आहे, त्यात ते खरं आहे. आपल्याकडे दोघांनी मिळून घर घेतलं की ते हिश्श्याने मालक होतात. खरेदीखतात हिस्सा लिहिला नसेल तर मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 45 म्हणतं, ज्याने जेवढे पैसे घातले तेवढा त्याचा हिस्सा, आणि पुरावा नसेल तर समसमान. खतातच स्पष्ट शब्दांत "मागे राहील त्याचं" असं लिहून घेतलं तर गोष्ट वेगळी, पण तसं खत मी अजून कोणाकडे पाहिलेलं नाही. जुने लोक म्हणतात एकत्र कुटुंबात मागे राहील त्याचं, तर तेही 9 सप्टेंबर 2005 पासून संपलं. त्या तारखेनंतर गेलेल्याचा एकत्र कुटुंबातला हिस्सासुद्धा त्याच्या वारसांकडे जातो.

वहिनींच्या खरेदीखतात हिस्सा लिहिला नव्हता. अर्धा धरू. म्हणजे चोवीस लाखांचा हिस्सा त्यांचा, चोवीस हवालदाराचा. हवालदाराच्या चोवीसाचे चार भाग, सहा-सहा. वहिनी तीस लाखांच्या, मुलं सहा-सहा, सासूबाई सहा. दिराच्या वकिलाने नोटिशीत तेही मान्य केलं नाही. हप्ते सगळे हवालदाराच्या पगारातून गेले, तेव्हा वहिनींचा हिस्सा शून्य, असं लिहिलं. समसमान हे गृहीतक आहे आणि पुराव्याने ते मोडता येतं, ही त्यातली मेख. खरेदीखतात "दोघांचा निम्मा-निम्मा हिस्सा" अशी एक ओळ असती तर त्या वकिलाला हा मुद्दा उभा करणं फार जड गेलं असतं. रजिस्ट्रेशनच्या दिवशी आपण बिल्डरच्या एजंटवर सगळं सोडतो, फोटो काढतो आणि पेढे वाटतो.

सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, शेअर सर्टिफिकेटवर तुमचं नाव पहिलं करून देतो. केलंही. त्याने देखभालीचं बिल त्यांच्या नावाने येऊ लागलं. सोसायटीच्या दप्तरातलं नाव म्हणजे मालकीचा निवाडा नव्हे.

आणि कर्ज? चौदा लाखांच्या कर्जाला वहिनी सहकर्जदार होत्या. सहकर्जदार गेला तर बँक उरलेलं सगळं कर्ज दुसऱ्याकडून वसूल करू शकते, अर्धं नव्हे, सगळं. सासूबाई आणि मुलं वारस म्हणून फक्त मिळालेल्या मालमत्तेपुरती जबाबदार. म्हणजे बघा, मागे राहील त्याचं हा नियम आपल्याकडे घराला लागू नाही, कर्जाला लागू आहे. ज्या दिवशी नाईक साहेब फ्लॅटवर दोघांची नावं टाकून निर्धास्त झाले त्या दिवशी त्यांनी बायकोला नक्की काय दिलं, हे त्यांनीच ठरवावं.

पुढचं थोडक्यात. दोन्हीकडच्या जाणत्यांनी बसून तडजोड केली. वहिनींनी सासूबाईंना ठेवीतले साडेसात लाख द्यायचं कबूल केलं, सासूबाईंनी ठेव मोडायला सही दिली. त्या स्वतः म्हणाल्या की फ्लॅटमधलं मला काही नको, सूनबाईच्या नावे हक्कसोड पत्र करून देते. मी वहिनींना सांगितलं, आजच दुय्यम निबंधकाकडे चला, हक्कसोड पत्र नोंदवल्याशिवाय तोंडी शब्दाला किंमत नाही. मुलांच्या परीक्षा होत्या. उन्हाळ्यात करू म्हणाल्या. उन्हाळ्याआधी सासूबाई गेल्या.

त्यांचा सहा लाखांचा हिस्सा आता त्यांच्या वारसांकडे गेला, म्हणजे दीर, नणंद, आणि वारलेल्या मुलाच्या जागी त्याची दोन मुलं. दोन लाख दिराचे, दोन नणंदेचे, एक-एक लाख नातवंडांचे. वारलेल्या मुलाच्या बायकोला यात वाटा नाही, मुलं असताना सून वारस होत नाही. नणंदेने आठवड्यात येऊन हक्कसोड केलं, चहाही न घेता. दिराने केलं नाही. दोन लाखांसाठी नव्हे, हे मला माहीत आहे. त्याला वाटतं, वहिनी पुन्हा लग्न करतील आणि भावाचं घर परक्याचं होईल. त्याला कोणीतरी सांगितलं आहे की पुन्हा लग्न केलं की विधवेचा हक्क जातो. जात नाही, मिळालेला वारसा पुनर्विवाहाने परत जात नाही. पण बराकीतलं ज्ञान गावातही पोहोचतं.

घर विकायचं ठरलं तरी अडचण एवढीच नाही. मुलगा-मुलगी अज्ञान आहेत आणि घरात त्यांचा वारसा हिस्सा आहे. अज्ञानाची स्थावर मालमत्ता आई असली तरी स्वतःच्या मर्जीने विकू शकत नाही, कोर्टाची आधी परवानगी लागते. हिंदू अज्ञान आणि पालकत्व कायद्याचं कलम 8. परवानगीशिवाय विकलं तर मुलगा सज्ञान झाल्यावर तो व्यवहार रद्द करून घेऊ शकतो, म्हणून शहाणा गिऱ्हाईक हात लावत नाही.

आता मला विचाराल, यात दोष कोणाचा? बँकेचा थोडा, कारण फॉर्मवर "ई ऑर एस" ची खूण करायला सांगताना मालकीबद्दल एक वाक्य बोलत नाहीत. युनिटमध्ये आर्थिक साक्षरतेवर जे व्याख्यान होतं त्याचाही, तिथे "नॉमिनी भरा" यापलीकडे कोणी जात नाही. किंड्रेड रोल नीट, पार्ट टू ऑर्डर वेळेवर, नॉमिनेशन पूर्ण, एवढं झालं की आपण कुटुंबाची व्यवस्था केली असं समजतो. या नोंदींवर फॅमिली पेन्शन आणि इतर लाभ चालतात, खासगी मालमत्तेचे वाटे त्यांनी ठरत नाहीत.

पण सगळ्यात मोठा दोष त्या हवालदाराचा, आणि तो माझा मित्र होता. मी त्याला दोनदा म्हटलं होतं, मृत्युपत्र लिही. त्याने उत्तर दिलं ते सगळे देतात, "साहेब, अभद्र बोलू नका." ज्या माणसाने कारगिलनंतर दोन वेळा काश्मीर केलं, दर पोस्टिंगला निघताना घरी कोणाला फोन करायचा ते लिहून दिलं, त्याला एक कागद अभद्र वाटला. सुगी करताना इन्शुरन्स घेतो, पोराची जन्मपत्रिका काढतो, आणि या एका कागदाला घाबरतो.

काय लागतं त्याला? साधा कागद चालतो. स्टॅम्प पेपर लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही, केली तर बरं. स्वतःची सही, दोन साक्षीदारांच्या सह्या. साक्षीदारांनी तुम्हाला सही करताना पाहावं, आणि त्यांनी तुमच्यासमोर सही करावी. ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नका. स्वकष्टाची कमाई हिंदू माणूस मृत्युपत्राने कोणालाही देऊ शकतो. मुस्लिम जवानाला एक तृतीयांशाची मर्यादा आहे. गोव्याच्या जवानाने तिकडच्या नोटरीला विचारावं, तिथे सहसा लग्न झालं की निम्मी मालमत्ता जोडीदाराचीच असते आणि मुलांचा हिस्सा राखीव असतो.

माजी सैनिकांसाठी एक वेगळं सांगायचं आहे, कारण त्यांची चूक वेगळी असते. गुडघे दुखतात, बँकेत जायला नको, म्हणून गावात राहणाऱ्या मुलाचं नाव खात्यावर घालतात. सोयीसाठी. बाप गेला की तो मुलगा म्हणतो, खातं माझ्या नावावर होतं. आणि मुंबईतली बहीण, नाशिकचा भाऊ आणि आई, सगळे त्याच्याशी बोलायचं बंद करतात. पैसे त्याचे नसतात, पण हातात त्याच्या असतात. तात्या, नाव सोयीसाठी घातलं असेल तर मृत्युपत्रात तसं एक वाक्य लिहा. आणि द्यायचंच असेल तर तेही लिहा. बोलून ठेवलंय म्हणू नका.

लंगरमधल्या त्या नाईकाने संध्याकाळी येऊन विचारलं, "मग जॉइंट खातं बंद करू का?" नाही. खातं तसंच ठेव. ठेवीच्या फॉर्मवर मुदतीआधी मोडण्याची सूचना दोघांनी सही करून दे. खरेदीखतात हिस्सा लिहिला आहे का ते सुट्टीत बघ. कर्जाला विमा आहे का ते विचार. आणि मृत्युपत्र लिही, त्यात आईला काय आणि बायकोला काय ते दोघींची नावं घालून लिही. माझं मी गेल्या वर्षी लिहिलं, हेड क्लार्क आणि शेजारच्या कंपनीचे सुभेदार साक्षीला होते. बायकोने वाचलं आणि म्हणाली, आईंना थोडं कमी वाटतंय. वाढवलं.

वहिनींची पुढची तारीख जुलैत आहे. मुलीला अठरा पूर्ण व्हायला दहा महिने आहेत, तेव्हा तिच्यापुरती कोर्टाच्या परवानगीची गरज उरणार नाही. मुलाचा प्रश्न राहील. दीर गणपतीत सही करतो म्हणाला आहे. गेल्या गणपतीतही म्हणाला होता.